नावं पुन्हा पुन्हा, मधे रिकामे सेल: यादीत गिऱ्हाईक नेमकं किती?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका मसाल्याच्या दुकानाचा हिशेब मी बघतो. दिवाळीच्या आधी मालकांनी विचारलं, "आपलं गिऱ्हाईक किती हो? बिलं नकोत, माणसं सांगा." मी बिलांची एक्सेल शीट उघडली, फॉर्म्युला टाकला आणि २१२ असं सांगून मोकळा झालो. तेवढ्या कापडी पिशव्या छापून आल्या. वाटप संपलं तेव्हा पंचवीस पिशव्या गल्ल्याखाली पडून होत्या. खरं गिऱ्हाईक १८७ होतं.

फॉर्म्युला बरोबर होता, चुकली होती यादी. काही नावांच्या मागे स्पेस होती, काही गावं दोन तऱ्हांनी लिहिली होती, आणि मी ज्यांना रिकामे समजत होतो ते सगळे सेल रिकामे नव्हते. हा हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. म्हणून इथे फॉर्म्युल्याच्या आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. घाई असेल त्यांनी थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारून तिथल्या फॉर्म्युल्यात C च्या जागी B लिहिलं तरी चालेल, पण मग पिशव्या छापायला टाकू नका.

## उदाहरणाची यादी

ही बारा ओळींची यादी पुढे सगळीकडे वापरणार आहोत. मुद्दाम छोटी घेतली आहे, म्हणजे प्रत्येक उत्तर बोटांवर तपासता येईल. नावं B कॉलममध्ये आहेत, B1 मध्ये शीर्षक, आणि B2 ते B13 मध्ये नोंदी.

| ओळ | B कॉलममधली नोंद |
|---|---|
| 2 | पाटील कागल |
| 3 | शिंदे उचगाव |
| 4 | (रिकामा) |
| 5 | पाटील कागल |
| 6 | चौगुले हुपरी |
| 7 | पाटील मुरगूड |
| 8 | पाटील कागल (शेवटी एक स्पेस) |
| 9 | (नुसती एक स्पेस) |
| 10 | शिंदे उचगांव |
| 11 | (रिकामा) |
| 12 | शिंदे उचगाव |
| 13 | कांबळे शिरोली |

डोळ्यांनी मोजा. कागलचे पाटील, उचगावचे शिंदे, हुपरीचे चौगुले, मुरगूडचे पाटील आणि शिरोलीचे कांबळे. गिऱ्हाईक पाच. आपल्याला ५ हे उत्तर हवं आहे. ही यादी जशी आहे तशी फॉर्म्युल्याला दिली तर उत्तर ८ येतं.

## टप्पा १: काय मोजायचं ते आधी ठरवा

"युनिक" म्हटलं की दोन वेगळे अर्थ निघतात, आणि दोन माणसं एकाच शीटवर वाद घालत बसतात. पहिला अर्थ वेगवेगळी गिऱ्हाइकं किती: कितीही वेळा आलेलं असो, एक गिऱ्हाईक एकदाच धरायचं. दुसरा अर्थ फक्त एकदाच आलेली गिऱ्हाइकं किती. वरच्या यादीत पहिल्या अर्थानं ५ आणि दुसऱ्या अर्थानं ३ (चौगुले, मुरगूडचे पाटील, कांबळे). एकदा येऊन परत न फिरकलेले कोण हे बघायचं असेल तर दुसरा अर्थ कामाचा. पिशव्या वाटायच्या तर पहिला. हा लेख पहिल्या अर्थाचा आहे.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे गिऱ्हाईक कशावरून ओळखायचं. कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं "पाटील" लिहून ठेवणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे. कागलचे पाटील आणि मुरगूडचे पाटील दोघंही "पाटील" म्हणून नोंदले असतील तर कुठलाही फॉर्म्युला त्यांना एकच माणूस समजणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून नावाला गाव जोडा. एकाच गावात दोन पाटील असतील तर दुकानाचं नाव किंवा गल्लीसुद्धा.

नाव B मध्ये आणि गाव वेगळ्या कॉलममध्ये, समजा G मध्ये, असेल तर जोडताना एक काळजी घ्यावी लागते. नुसतं `=B2&" "&G2` लिहिलं तर नाव रिकामं आणि गाव भरलेलं असलेल्या ओळीत " कागल" नावाचं एक नवंच गिऱ्हाईक जन्माला येतं. दोन्ही रिकामे असतील तरी मधली स्पेस शिल्लक राहते आणि तो सेल रिकामा उरत नाही. त्यामुळे एका रिकाम्या कॉलममध्ये असं जोडा, आणि पुढच्या टप्प्यातल्या कॉपीत ही उत्तरं Paste Values करून B मध्ये चिकटवा:

```
=IF(TRIM(B2)="","",TRIM(B2)&" "&TRIM(G2))
```

मोबाईल नंबरवरून मोजावं असं बरेच जण सुचवतात. नंबर प्रत्येक बिलावर असेल तर ते नावापेक्षा नक्कीच चांगलं. माझ्या अनुभवात तो निम्म्या बिलांवर असतो, निम्म्यांवर नसतो. मग नंबर नसलेलं गिऱ्हाईक मोजणीतून गळतं. आणि "नंबर असेल तर नंबर, नाहीतर नाव" अशी खिचडी केली तर एकच माणूस एका बिलावर नंबरानं आणि दुसऱ्यावर नावानं येऊन दोनदा मोजला जातो. एक काहीतरी निवडा आणि पूर्ण यादीला तेच लावा. मी नाव आणि गाव धरतो.

थांबा आणि बघा: यादीत नुसती आडनावं किती आहेत? त्यांचं गाव आत्ता मालकांना विचारून भरा. हे काम नंतर कुठलाच फॉर्म्युला करून देणार नाही.

## टप्पा २: मूळ शीटला हात लावू नका

शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून कॉपी काढा आणि सगळं काम कॉपीवर करा. विशेषतः Remove Duplicates हे बटण मूळ यादीवर दाबू नका. ते नुसतं मोजत नाही, ओळी उडवतं, आणि त्या ओळींबरोबर बिलाची रक्कमही जाते.

कॉपीत मोजायची रेंज नेमकी ठरवून घ्या. आपल्या यादीत ती B2 ते B13 आहे. B1 आत घेतला तर "ग्राहकाचं नाव" हे शीर्षकच एक गिऱ्हाईक बनतं. शेवटी "एकूण" लिहिलेली ओळ असेल तर तीही बाहेर ठेवा. उत्तर बरोबर एकानं जास्त येत असेल तर सगळ्यात आधी हे दोन सेल बघा.

आणि `B:B` असा अख्खा कॉलम देऊ नका. एक्सेलच्या एका कॉलममध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. पुढे येणारा जुना फॉर्म्युला प्रत्येक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींशी ताडून बघतो. अख्खा कॉलम दिलात तर चहा पिऊन या, तरी कॉम्प्युटर तिथेच असेल.

## टप्पा ३: स्पेस काढा

आठव्या ओळीतल्या "पाटील कागल" च्या मागे एक स्पेस आहे. ती दिसत नाही, पण एक्सेलला ते वेगळं नाव वाटतं. दुकानात बिलाची नोंद मोबाईलवर होत असेल तर हे हमखास होतं, कारण कीबोर्डनं सुचवलेला शब्द दाबला की तो शब्दामागे आपोआप स्पेस टाकतो.

C2 मध्ये हे लिहा आणि C13 पर्यंत खाली ओढा:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

`TRIM` पुढच्या-मागच्या स्पेस काढतो आणि मधल्या दोन-तीन स्पेसची एक करतो. मग `SUBSTITUTE` कशाला? वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधी कधी वेगळ्या जातीची स्पेस येते, तिचा क्रमांक १६०. दिसायला ती साध्या स्पेससारखीच असते, पण एकट्या `TRIM` ला ती जुमानत नाही. म्हणून आधी तिची साधी स्पेस करायची आणि मग `TRIM` लावायचा.

इथून पुढे मोजणी C कॉलमवर. आपल्या यादीचं उत्तर आता ८ वरून ६ वर येतं. आठव्या ओळीचे पाटील कागलच्या बाकीच्या पाटलांत मिसळले, आणि नवव्या ओळीतली नुसती स्पेस नाहीशी झाली.

तपासणी: एखाद्या नावाचा संशय आला तर `=LEN(B8)` आणि `=LEN(B2)` शेजारी शेजारी लिहून बघा. नाव तेच दिसतं पण आकडे वेगळे आहेत, म्हणजे आत काहीतरी लपलं आहे.

## टप्पा ४: एकाच नावाची दोन रूपं

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि बहुतेक जण तोच टाळतात. उचगाव आणि उचगांव. जुन्या वळणाचे लोक गावावर अनुस्वार देतात, नवी मुलं देत नाहीत. एक्सेलला त्याचं काही देणंघेणं नाही, त्याच्या लेखी ती दोन गावं.

आधी सगळी वेगवेगळी नावं वर्णक्रमानं समोर आणा. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असं नवं एक्सेल असेल तर रिकाम्या जागी हे लिहा:

```
=SORT(UNIQUE(C2:C13))
```

जुनं असेल तर पिव्हट टेबल करा आणि नाव Rows मध्ये टाका, तेच काम होतं. आता ही यादी वरून खाली वाचा, शक्यतो दुकानातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवून. सारखी नावं एकमेकांखाली येत असल्यामुळे जोड्या पटकन दिसतात.

दुरुस्ती B कॉलममध्ये करायची. C मध्ये फॉर्म्युले आहेत, ते आपोआप बदलतील. B कॉलम निवडा, Ctrl+H दाबा, Find what मध्ये "गांव", Replace with मध्ये "गाव", आणि Replace All. आपल्या यादीचं उत्तर इथे ६ वरून ५ वर येतं.

सारखी दिसणारी प्रत्येक जोडी एक करायची नसते, हेही लक्षात ठेवा. शिरोली आणि शिरोळ ही दोन वेगळी गावं आहेत. बाहेरून आलेल्या एका मुलानं "टायपिंगची चूक असेल" म्हणून सगळं शिरोळचं शिरोली करून टाकलेलं मी पाहिलं आहे. खात्री नसेल तर विचारा.

### दिसायला एकच, आतून वेगळं: कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे

मराठी याद्यांची ही खास भानगड आहे आणि इंग्रजी नावांवर बेतलेल्या माहितीत ती सापडत नाही. "ऱ्ह" दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडून. दुसऱ्यावर साधा "र", पाय मोडलेला, आणि त्यामागे एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही वेळा "कुऱ्हाडे" असंच दिसतं. `LEN` लावलात तर पहिल्याची लांबी ८ येते आणि दुसऱ्याची ९. आतली अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे एकच कुऱ्हाडे दोघं म्हणून मोजले जाऊ शकतात.

यादीत अशी नावं असतील तर C2 मधला फॉर्म्युला जरा वाढवा:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,
 UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381)),UNICHAR(160)," "))
```

2352 म्हणजे र, 2381 म्हणजे पाय मोडण्याची खूण, 8205 म्हणजे ते न दिसणारं चिन्ह आणि 2353 म्हणजे ऱ. आकडे दिल्यामुळे तुमचा कीबोर्ड कुठला आहे यानं फरक पडत नाही.

इशारा: यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल (फॉन्ट बदलला की मजकुराची इंग्रजी अक्षरं दिसू लागतात, ही त्याची खूण), तर मोजणीच करू नका. अशा फॉन्टात इंग्रजीचं लहान अक्षर आणि मोठं अक्षर मिळून वेगवेगळी मराठी अक्षरं दाखवतात. `COUNTIF` मात्र लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून दोन वेगळी नावं एक धरली जाण्याची शक्यता असते. आधी यादी युनिकोडमध्ये करून घ्या.

### तारा आणि प्रश्नचिन्ह

आमच्याकडे उधारीच्या गिऱ्हाइकापुढे तारा मारायची पद्धत आहे: "पाटील कागल*". वहीत ते सोयीचं होतं. शीटमध्ये मात्र `COUNTIF` ताऱ्याचा अर्थ "इथून पुढे काहीही" असा घेतो आणि प्रश्नचिन्हाचा अर्थ "कुठलंही एक अक्षर". त्यामुळे हिशेब बिघडतो, आणि कसा बिघडतो ते सातव्या टप्प्यात दिसेल. उधारीची खूण वेगळ्या कॉलममध्ये न्या आणि नावातून तारा काढा.

काढताना सांभाळा. Ctrl+H मध्ये Find what ला नुसता `*` टाकून Replace All केलंत तर यादीतली सगळी नावं पुसली जातील, कारण तिथेही ताऱ्याचा अर्थ "काहीही" असाच आहे. तारा शोधायचा असेल तर `~*` लिहावं लागतं, प्रश्नचिन्हासाठी `~?`. चुकून झालंच तर लगेच Ctrl+Z.

## टप्पा ५: रिकामा म्हणजे नेमका कोणता?

एक्सेलमध्ये रिकामा दिसणारा सेल तीन प्रकारचा असतो. एक खरोखर रिकामा, ज्यात कधी काही लिहिलंच नाही. दुसरा, ज्यात फॉर्म्युला आहे पण त्याचं उत्तर `""` आहे. तिसरा, ज्यात नुसती स्पेस आहे. तिसरा प्रकार आपण टप्पा ३ मध्ये संपवला, पण तसं करताना C कॉलममधले सगळे रिकामे सेल दुसऱ्या प्रकारचे झाले. तिथे आता फॉर्म्युला बसला आहे.

म्हणून इथे `COUNTA` वापरू नका. आपल्या यादीवर `=COUNTA(C2:C13)` लिहिलं तर उत्तर १२ येतं, जणू एकही सेल रिकामा नाही. C कॉलम Paste Values करून चिकटवला तरी तेच उत्तर येतं, कारण `""` तसंच चिकटतं. `ISBLANK` सुद्धा अशा सेलला रिकामा मानत नाही. `COUNTBLANK` मात्र मानतो, आणि `=COUNTBLANK(C2:C13)` आपल्याला ३ देतो. १२ ओळी, ३ रिकाम्या, म्हणजे ९ भरलेल्या. हा ९ आकडा कागदावर लिहून ठेवा.

आणखी एक रिकामेपणा असतो तो माणसांच्या सवयीचा. नाव माहीत नसलं की कुणी "रोख" लिहितं, कुणी "-" ठेवतं, कुणी "नाव नाही". फॉर्म्युल्याला ही सगळी गिऱ्हाइकंच वाटतात. "रोख" नावाचं एक, "-" नावाचं दुसरं. वर काढलेल्या वर्णक्रमाच्या यादीत ती दिसतील. फिल्टर लावून त्या ओळी निवडा आणि नावाचे सेल Delete नं मोकळे करा. स्पेसबार दाबून नाही.

आता मोजणीचा फॉर्म्युला. हा जुन्या-नव्या सगळ्या एक्सेलमध्ये चालतो, गुगल शीट्समध्येही:

```
=SUMPRODUCT((C2:C13<>"")/COUNTIF(C2:C13,C2:C13&""))
```

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळतं. `COUNTIF` प्रत्येक ओळीतलं नाव पूर्ण यादीत किती वेळा आलं ते मोजतो. कागलचे पाटील तीन वेळा आहेत, म्हणून त्यांच्या तिन्ही ओळींना ३ मिळतो. त्यानं भागल्यावर प्रत्येक ओळीच्या वाट्याला एक तृतीयांश येतो, आणि तीन तृतीयांश मिळून एक गिऱ्हाईक. उचगावच्या शिंद्यांचंही तसंच. चौगुले, मुरगूडचे पाटील आणि कांबळे एकेकदाच आहेत, त्यांना पूर्ण एक. रिकाम्या ओळींत वरचा भाग शून्य असतो, कारण `C2:C13<>""` ही अट तिथे पुरी होत नाही, आणि शून्याला कशानंही भागलं तरी शून्यच. बेरीज ५.

शेवटचं `&""` फालतू वाटतं म्हणून बरेच जण काढून टाकतात. खरा रिकामा सेल निकष म्हणून दिला की `COUNTIF` त्याला शून्य हा आकडा समजून शून्य शोधायला जातो. यादीत शून्य नसतं, उत्तर शून्य येतं, आणि शून्यानं भागाकार झाला की `#DIV/0!`. `&""` जोडल्यावर तो रिकामे सेल शोधतो आणि भागाकार बिनधोक होतो. तुमच्या फॉर्म्युल्यातून `#DIV/0!` येत असेल तर दहापैकी नऊ वेळा हे दोन अवतरणचिन्हांचं शेपूट गळलेलं असतं.

## टप्पा ६: नवं एक्सेल असेल तर

एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर हे लिहा, वाचायलाही सोपं आहे:

```
=IFERROR(ROWS(UNIQUE(FILTER(C2:C13,C2:C13<>""))),0)
```

आधी रिकामे गाळायचे, मग उरलेल्यांतली वेगवेगळी नावं काढायची, मग त्यांच्या ओळी मोजायच्या. क्रम असाच हवा. `FILTER` वगळून नुसतं `UNIQUE` लावलं तर रिकामा सेलही एक "नाव" म्हणून यादीत येतो आणि आपलं उत्तर ५ ऐवजी ६ होतं.

`ROWS` च्या जागी `COUNTA` लिहिलेला फॉर्म्युला खूप फिरतो. भरलेल्या यादीवर तो बरोबर चालतो. पण एखाद्या महिन्याची यादी पूर्ण रिकामी असेल तर `FILTER` चूक परत देतो आणि `COUNTA` त्या चुकीलाच एक धरून "१ गिऱ्हाईक" असं सांगतो. वरच्या फॉर्म्युल्यात तिथे ० येतो.

हीच फाइल एक्सेल २०१६ किंवा २०१९ असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली तर फॉर्म्युल्यात `_xlfn.` असं काहीतरी दिसेल आणि पुन्हा हिशेब होणार नाही. सीएच्या ऑफिसात जुनं एक्सेल असेल तर त्यांना पाचव्या टप्प्यातला फॉर्म्युला घालून पाठवा. मात्र हजारांच्या पुढच्या याद्यांना शक्यतो नवाच वापरा. जुना फॉर्म्युला वीस हजार ओळींवर चाळीस कोटी वेळा ताडून बघतो, आणि एक सेल बदलला की परत पहिल्यापासून.

## टप्पा ७: उत्तर सांगण्याआधी

पहिली गोष्ट, उत्तर अपूर्णांकात आहे का ते बघा. सेलचं फॉरमॅट General करा किंवा दशांश वाढवा. पाचव्या ओळीत तारा राहिला असता, म्हणजे "पाटील कागल*", तर काय झालं असतं बघा. त्या एका ओळीला `COUNTIF` ३ देतो, कारण तारा बाकीच्या दोघांनाही पकडतो. उरलेल्या दोन ओळींना मात्र २ मिळतो. मग एक तृतीयांश आणि दोन अर्धे, मिळून १.३३, आणि एकूण उत्तर ५.३३. एक तृतीयांश गिऱ्हाईक कुठे असतं का? असा अपूर्णांक दिसला की तारा किंवा प्रश्नचिन्ह शोधा.

फॉर्म्युल्याभोवती `ROUND` घाला असा सल्ला ऐकायला मिळतो, कारण तृतीयांशांच्या बेरजेत कधी अगदी बारीक, दहा-बारा घरांनंतरचा फरक राहू शकतो. सल्ला ठीक आहे, पण शेवटी घाला. आधीपासून घातलात तर ५.३३ चं ५ होऊन बिघाड झाकला जाईल. इथे योगायोगानं उत्तर बरोबर येतं, पुढच्या यादीत येईलच असं नाही.

दुसरी तपासणी वेगळ्या वाटेनं करायची. D2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(C2="","",IF(COUNTIF(C$2:C2,C2)=1,1,0))
```

नाव पहिल्यांदा जिथे येतं तिथे १, पुन्हा आलं की ०, रिकाम्याला काहीच नाही. आपल्या यादीत २, ३, ६, ७ आणि १३ या ओळींना १ मिळतो आणि `=SUM(D2:D13)` चं उत्तर ५. मोठ्या यादीत दोन उत्तरं जुळली नाहीत तर D कॉलमवर फिल्टर लावून फक्त १ असलेल्या ओळी बघा. कुठलं नाव दुसऱ्यांदा "पहिलं" ठरलं ते तिथे उघड दिसतं. फक्त `C$2` मधला डॉलर विसरू नका. तो नसेल तर खाली ओढताना रेंज पुढे सरकते, प्रत्येक ओळ स्वतःलाच बघते आणि सगळ्यांना १ मिळतो.

तिसरी, उत्तर भरलेल्या ओळींपेक्षा जास्त असता कामा नये. आपल्याकडे ९ भरलेल्या ओळी आणि ५ गिऱ्हाइकं, म्हणजे बरोबर.

शेवटचं म्हणजे पडद्यावर फिल्टर लावून फक्त ऑक्टोबरची बिलं दाखवली तरी हे फॉर्म्युले लपलेल्या ओळीही मोजतात. आकडा हलत नाही म्हणून लोक गोंधळतात. महिन्याचं गिऱ्हाईक हवं असेल आणि तारीख A कॉलममध्ये असेल, तर नव्या एक्सेलमध्ये अट फॉर्म्युल्यातच घाला:

```
=IFERROR(ROWS(UNIQUE(FILTER(C2:C13,(C2:C13<>"")
 *(A2:A13>=DATE(2024,10,1))*(A2:A13<DATE(2024,11,1))))),0)
```

जुन्या एक्सेलमध्ये त्या महिन्याच्या ओळी वेगळ्या शीटवर चिकटवून मोजणं सगळ्यात सुटसुटीत. आणि महिन्यांची उत्तरं एकमेकांत मिळवू नका. कागलचे पाटील ऑक्टोबरमध्येही आले आणि नोव्हेंबरमध्येही, तर बेरजेत ते दोनदा येतात. दोन महिन्यांचा आकडा हवा असेल तर दोन्ही महिन्यांच्या ओळी एकत्र घेऊन पुन्हा मोजा.